अडीच महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन १७ वरून ९.८ वर आलंय, डॉक्टर म्हणतात औषध नको

सायली_नाशिक
माझी मुलगी परवा अडीच महिन्यांची झाली. पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन ३ किलो, आता ५ किलो २०० ग्रॅम. फक्त अंगावरच्या दुधावर आहे. मागच्या आठवड्यात ताप आला म्हणून रक्त तपासलं. ताप दोन दिवसांत उतरला, पण रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८ आणि शेजारी "कमी" अशी ठळक खूण. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी तपासलं होतं तेव्हा १७ होतं.

डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी बाळाला नीट तपासलं, पोट चाचपलं आणि म्हणाले, या वयात असंच असतं, औषध नको. दवाखान्यात पटलं, घरी आल्यावर पटेना. सासूबाईंच्या भाचीच्या बाळाचं रक्त असंच कमी होतं आणि पुढे थॅलेसेमिया निघाला, त्यामुळे घरात सगळे धास्तावलेत. बाळ हसतं, खेळतं, दूध ओढतं. मग सात अंकांनी रक्त उतरतंच कशाने? आणि हे साधं उतरणं आहे की आजार, हे ओळखायचं कसं?

अनिरुद्ध_क
आईच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून या वयात हिमोग्लोबिन उतरतं. आमच्या मुलाचं तीन महिन्यांचा असताना १० होतं. आम्ही आग्रह करून लोहाचे थेंब लिहून घेतले. सहाव्या महिन्यात ११.५ झालं. तुम्हीही डॉक्टरांच्या मागे लागा.

माधवीकाकू
सायली, मला सातव्या महिन्यात ८.४ होतं. रोज खजूर, अळिवाचे लाडू, पालेभाजी आणि वर लिंबू पिळून खाल्लं, गोळ्याही चुकवल्या नाहीत. बाळंतपणापर्यंत १०.८ झालं. मनावर घेतलंस तर महिन्याभरात फरक दिसेल.

सायली_नाशिक
काकू, माझं १२ आहे. प्रश्न बाळाचा आहे. तिला तर अजून पाणीसुद्धा देत नाही.

माधवीकाकू
अगं हो, मी शीर्षक नीट वाचलंच नाही. अडीच महिन्यांच्या लेकराला काहीही चाटवू नकोस, खजुराचं पाणी तर नाहीच. लाडू तूच खा.

लॅबवाला_सातारा
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दोन गोष्टी सांगतो.

ती "कमी"ची खूण संगणक टाकतो. त्यात भरलेली मर्यादा बऱ्याच ठिकाणी मोठ्या माणसांची असते, १२ ते १५ अशी. अडीच महिन्यांच्या बाळाला तीच फूटपट्टी लावली तर जवळजवळ प्रत्येक बाळ "कमी" ठरेल. तुमच्या रिपोर्टवर मर्यादा काय छापली आहे ते पाहा.

दुसरं, जन्मानंतरचं १७ टाचेला टोचून घेतलं होतं की शिरेतून? नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तात हिमोग्लोबिन शिरेपेक्षा जास्त येतं, पाय गार असेल तर आणखीच. उलट टाच दाबून दाबून थेंब काढला तर पेशींबरोबर आजूबाजूचं पाणी येतं आणि आकडा उतरतो. तेव्हा सातचा फरक तंतोतंत सातचाच आहे असं धरू नका.

सायली_नाशिक
छापलेली मर्यादा १२ ते १५च आहे! जन्माच्या वेळचं टाचेचं होतं, आत्ताचं शिरेतलं.

निवृत्त_सुभेदार
मी डॉक्टर नाही, स्वतःचा अनुभव सांगतो. लेहला पोस्टिंग असताना माझं हिमोग्लोबिन १८.४ होतं. पुण्याला परत आल्यावर काही महिन्यांनी तपासलं तर १५.२. मी घाबरून एमआयरूम गाठली. तिथले डॉक्टर म्हणाले, साहेब, वर हवा विरळ होती म्हणून शरीराने रक्त वाढवलं होतं, इथे त्याची गरज उरली नाही. बाळाचंही असंच काही असेल का?

बालवैद्य_सांगली
सुभेदार, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. तीस वर्षं बाळं तपासते आहे, तरी जरा सविस्तरच लिहिते, कारण दर आठवड्याला कुणीतरी आई हा रिपोर्ट घेऊन येते.

पोटात बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो आणि त्याचा दाब आपल्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. तेवढ्यात भागवायचं तर लाल पेशी जास्त हव्यात. म्हणून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक अस्थिमज्जेला सतत सांगत असतं, पेशी बनव. बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं आणि थोड्याच वेळात रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर जातो. गरज संपली की ते संप्रेरक जवळजवळ थांबतं. आठवड्याभरात नव्या पेशी एक टक्क्याच्याही खाली येतात. कारखान्यात माल आहे, माणसं आहेत, फक्त ऑर्डर येत नाही. दरम्यान जुन्या पेशी आपल्या वेळेने जातात, आणि नवजात बाळाची लाल पेशी आपल्यासारखी १२० दिवस जगत नाही, साधारण ६० ते ९० दिवसच टिकते.

सुभेदारांपेक्षा बाळाचं एक वेगळं आहे. सुभेदार परत आल्यावर वाढत नव्हते, बाळ वाढतं. सायलीच्या मुलीचाच हिशेब मांडू. जन्माला ३ किलो. किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर रक्त धरलं तर २५५ मिलिलिटर. १०० मिलिलिटरला १७ ग्रॅम, म्हणजे अंगात एकूण ४३ ग्रॅम हिमोग्लोबिन. आता ती ५.२ किलोची आहे. या वयात किलोमागे ७८ धरू, म्हणजे ४०५ मिलिलिटर. ९.८ ने गुणलं तर जवळजवळ ४० ग्रॅम. रिपोर्टवर १७ चं ९.८ झालेलं दिसतं, पण अंगातलं एकूण हिमोग्लोबिन ४३ वरून ४० वर आलंय, एवढंच. सासूबाईंना हे सांगा. मुलीने बाळसं धरलं, तेवढंच रक्त मोठ्या अंगात पसरलं.

आता अनिरुद्ध यांचा मुद्दा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. पेशी मोडते तेव्हा ते लोह बाहेर जात नाही, यकृतात आणि इतरत्र साठतं आणि पुढे तेच वापरलं जातं. म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळात लोहाचा साठा शिल्लक असतो, वापरायची ऑर्डर नसते. थेंब दिले तरी हा उतार थांबत नाही.

अनिरुद्ध_क
मग आमच्या मुलाचं ११.५ कशामुळे झालं?

बालवैद्य_सांगली
थेंब न देताही झालं असतं. हिमोग्लोबिन साधारण ८ ते १२ आठवड्यांत तळाला जातं, पूर्ण दिवसांच्या बाळात बहुधा ९.५ ते ११ च्या आसपास. तिथे ऊतींना ऑक्सिजन थोडा कमी पडू लागतो. तोवर संप्रेरकाचं काम यकृताकडून मूत्रपिंडाकडे आलेलं असतं, ते जागं होतं आणि मज्जा पुन्हा सुरू होते. तुम्ही थेंब सुरू केले नेमके तळाला. त्यानंतर आकडा वरच जाणार होता.

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, फक्त काळ चुकला. तो साठा चार ते सहा महिन्यांपर्यंत पुरतो. त्यानंतर दुधातलं लोह खरोखरच अपुरं पडतं. म्हणून सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नात लोह लागतं आणि सरकारी कार्यक्रमातलं सिरपही सहाव्या महिन्यापासूनच सुरू होतं. दोन किलोच्या आसपास जन्मलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा साठाच लहान असतो, त्याला लोह खूप आधी लागतं.

जुळ्यांचीआई
माझी जुळी ३१ आठवड्यांची. सहाव्या आठवड्यात एकीचं ७.९, दुसरीचं ७.४. ७.४ वाली दूध पिताना दमायची, वजन चार दिवस तिथेच अडकलं होतं, तिला रक्त दिलं. ७.९ वाली मजेत वाढत होती, तिला दिलं नाही. मी तेव्हा भांडले होते की एकीला का नाही. डॉक्टर म्हणाले, आम्ही आकड्याला रक्त देत नाही, बाळाला देतो. शेजारच्या शहरात माझ्या मैत्रिणीच्या बाळाला मात्र ८ ला दिलं. नक्की रेषा कुठे आहे?

बालवैद्य_सांगली
अपुऱ्या दिवसांच्या बाळात तळ लवकर येतो, चार ते आठ आठवड्यांत, आणि ७ ते ९ पर्यंत जातो. त्यांचं संप्रेरक अजून यकृतावर अवलंबून असतं आणि यकृताला ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव उशिरा होते. शिवाय एनआयसीयूत तपासण्यांसाठी काढलेलं रक्तही हिशेबात येतं. हजार ग्रॅमच्या बाळात सगळं मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त, त्यातलं आठवड्याला दहा काढलं तरी केवढं झालं!

रेषेबद्दल विचाराल तर प्रत्येक युनिटचे नियम थोडे वेगळे आहेत. बाळाला ऑक्सिजन लागतोय का, वजन वाढतंय का, नव्या पेशी बनायला लागल्यात का, हे सगळं धरून ठरवतात. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मीही तेच केलं असतं. मैत्रिणीच्या डॉक्टरांनी चूक केली असंही मी म्हणणार नाही.

ऋजुता_जळगाव
हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते. आमच्या बाबतीत "या वयात असंच असतं" हे खरं नव्हतं.

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हा बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रथिनं बनू नयेत म्हणून देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन मला कुणी दिलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी मुलगा झाला, बी पॉझिटिव्ह. पहिल्याच दिवशी पिवळा पडला, पाच दिवस लाईटखाली होता. घरी सोडताना हिमोग्लोबिन १३.१. कार्डावर लिहिलं होतं, दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासा. एकदा तपासलं, ११.४ आलं. मग बारशासाठी गावी गेलो. पिवळेपणा पूर्ण गेला होता, म्हणून सगळ्यांना वाटलं, बरं झालं, संपलं.

पाचव्या आठवड्यात तो पाच मिनिटं ओढायचा, सोडायचा, दम खायचा, पुन्हा ओढायचा. कपाळावर घाम, तोही जानेवारीत. आई म्हणाली, ताकद लावतोय म्हणून घाम येतो. तळवे पांढरे दिसत होते, तेही आम्ही गोरा आहे म्हणून सोडून दिलं. वजन दहा दिवसांत ६० ग्रॅम वाढलं. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ६.१. त्याच रात्री रक्त दिलं. रक्ताची नळी सुरू असतानाच ओठांवर रंग चढताना मी पाहिला.

नंतर आठवड्याला तपासणी, फॉलिक ॲसिडचे थेंब, तीन आठवड्यांनी आणखी एकदा रक्त. अकराव्या आठवड्यापासून त्याचं स्वतःचं रक्त वाढायला लागलं. आज दोन वर्षांचा आहे, जिन्यावरून उड्या मारतो. पण ती पिवळेपणा गेल्याची खात्री मला अजून झोपू देत नाही. कावीळ गेली होती, मग रक्त का मोडत राहिलं?

बालवैद्य_सांगली
ऋजुता, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक निगेटिव्ह आईला माहीत असायला हवं.

तुमच्या अंगातली रक्तविरोधी प्रथिनं वारेतून बाळात गेली. ती बाळाच्या रक्तात निम्मी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे दोन-तीन महिने ती पेशी मोडत राहू शकतात. पेशी मोडली की पिवळं द्रव्य तयार होतं. पहिल्या आठवड्यात यकृत ते बाहेर टाकायला कच्चं असतं, म्हणून बाळ पिवळं दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यकृत तयार होतं आणि ते द्रव्य उचलून टाकतं. मोडणं चालूच राहतं, फक्त दिसेनासं होतं. त्याच काळात मज्जा सगळ्या बाळांसारखी झोपलेली. एकीकडून मोड, दुसरीकडून नवी भर नाही. म्हणून अशा बाळाचा आकडा आठ-दहा आठवड्यांऐवजी चौथ्या-पाचव्या आठवड्यातच कोसळतो.

सायलीच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. किती उतरलं यापेक्षा कधी उतरलं ते आधी पाहायचं. नवव्या आठवड्यात ९.८ असलेल्या सुदृढ बाळाकडे मी दुसऱ्यांदा पाहणार नाही. तिसऱ्या आठवड्यात ९.८ असेल तर त्याच दिवशी कारण शोधेन. आणि पूर्ण दिवसांचं बाळ कधीही ९ च्या खाली गेलं तर "वयाचं आहे" म्हणून घरी पाठवणार नाही.

लॅबवाला_सातारा
ताई, रेटिकबद्दल सांगा ना. आमच्याकडे डॉक्टर लिहितात, पालक खर्च वाचवायला तेवढीच तपासणी कापतात.

बालवैद्य_सांगली
आणि नेमकी तीच हवी असते. रेटिक म्हणजे नुकत्याच बाजारात आलेल्या पेशी. हिमोग्लोबिन ७ आहे आणि रेटिक ९ टक्के, म्हणजे मज्जा जीव तोडून बनवते आहे, पण कुठेतरी मोड किंवा गळती आहे. मग रक्तगटांचं भांडण, जी६पीडी या विकराची कमतरता, गोल पेशींचा आनुवंशिक आजार, नाहीतर आतला रक्तस्राव असं शोधत जायचं. जन्मानंतर व्हिटॅमिन के न मिळालेल्या बाळात दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात मेंदूतसुद्धा रक्तस्राव होतो, हे विसरू नये.

उलट हिमोग्लोबिन ७ आहे आणि रेटिक ०.२, तर ऑर्डर आली तरी कारखाना उठत नाही. डायमंड-ब्लॅकफॅन नावाचा दुर्मीळ आजार बहुतेकदा याच वयात, दोन-तीन महिन्यांचं असताना ओळखला जातो. त्यात पेशी आकाराने मोठ्या असतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट साधारण ठीक असतात. या दोन्हीही कमी असतील तर विचार आणखी वेगळा. माझ्या आयुष्यात डायमंड-ब्लॅकफॅनची दोनच बाळं आली. त्यातलं एक आधीच्या ठिकाणी महिनाभर लोहाच्या थेंबांवर ठेवलं होतं.

आरोग्यसेविका_गोंदिया
आमच्याकडे सिकलसेल भरपूर. २०२३ पासून राष्ट्रीय अभियानात तपासण्या वाढल्यात, त्यामुळे आया विचारतात, तीन महिन्यांच्या बाळाचं रक्त कमी आहे, सिकल असेल का? आम्ही सांगतो, सिकलचा त्रास बहुतेक पाच-सहा महिन्यांनंतर दिसतो, तोवर पोटातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं. हे बरोबर आहे ना? आणि एका बाळाचा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारा रिपोर्ट आला, त्यात एचबीएफ ३८ टक्के. घरच्यांनी रडारड केली, थॅलेसेमिया म्हणून.

बालवैद्य_सांगली
बरोबर सांगता. थॅलेसेमिया मेजरचंही तसंच, तोही बहुधा सहा महिन्यांच्या पुढेमागे उघडा पडतो. तीन महिन्यांच्या बाळात ३८ टक्के एचबीएफ ही वयाचीच गोष्ट आहे. हे पोटातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, मोठ्यांचं हिमोग्लोबिन तो सहज सोडतं. त्यामुळे जसजशी अदलाबदल होते, तसतसं कमी हिमोग्लोबिनमध्येही बाळाचं भागतं. सायलीच्या घरात थॅलेसेमियाची भीती असेल तर बाळाला पुन्हा टोचू नका, आई-वडिलांची तपासणी करा. दोघांपैकी एक जरी वाहक नसेल, तर बाळाला मेजर होण्याचा प्रश्न जवळपास उरतच नाही.

सायली_नाशिक
आज पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्याच नमुन्यातून त्यांनी रेटिकही करून घेतलं होतं, मला सांगायचं राहिलं. २.१ आहे. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट ठीक. प्लीहा लागत नाही. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह, तिचाही तोच. गेल्या १५ दिवसांत वजन ४०० ग्रॅम वाढलं. गरोदरपणात माझी एचपीएलसी झाली होती, फाईल काढून पाहिली, वाहक नाही. सासूबाईंना ४३ आणि ४० चा हिशेब वहीत मांडून दाखवला. त्या म्हणाल्या, मग बाळ बारीक राहिलं असतं तर आकडा चांगला आला असता का?

बालवैद्य_सांगली
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न अगदी मुळाशी गेला. थोडा चांगला आला असता, हो, आणि मला तो मुळीच आवडला नसता. रेटिक २.१ म्हणजे तुमच्या मुलीची मज्जा उठली आहे.

अनिरुद्ध_क
तरी महिन्याने एकदा परत तपासायला काय हरकत? मन शांत राहील.

जुळ्यांचीआई
मला नाही पटत. इवल्या शिरेत दोघींनी पकडून सुई घालणं मी वीसेक वेळा पाहिलंय. बाळ वाढतंय, आकड्याचं कारण कळलंय, मग कशाला?

बालवैद्य_सांगली
मी तपासणार नाही. पण घरात कुणाला झोप लागत नसेल तर चार महिन्यांच्या सुमारास एकदा करणाऱ्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही.

नवीन_सदस्य_८८
आजच धागा सापडला. माझा गट ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह, तीन आठवड्यांचं. तीन दिवस लाईटखाली होतं, आता पिवळं नाही. सोडताना हिमोग्लोबिन १५.२, पुढे तपासा असं काही कुणी सांगितलं नाही. आम्हालाही ऋजुताताईंसारखं होऊ शकतं का?

बालवैद्य_सांगली
ओ आई आणि बी बाळ यांच्यात मोड बहुधा सौम्य असते, ऋजुतांच्या बाळाइतकी क्वचितच जाते. पण तीन दिवस लाईट लागला म्हणजे थोडी मोड झाली असण्याची शक्यता आहे. आईची प्रथिनं बाळाच्या पेशींना चिकटलीत का हे सांगणारी एक तपासणी असते, डिस्चार्ज कार्डावर डायरेक्ट कूम्ब्स किंवा डीसीटी असं लिहून पुढे पॉझिटिव्ह आहे का ते पाहा. काहीही असलं तरी या आठवड्यात बाळाला दाखवा, वजन करून घ्या आणि हिमोग्लोबिन व रेटिक एकाच नमुन्यात करा. दूध पिताना थांबत असेल, घाम येत असेल, झोपेत शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास मोजलेत, तर आठवडा नाही, आजच जा.

नवीन_सदस्य_८८
कार्ड काढलं. डीसीटी पॉझिटिव्ह लिहिलंय. घाम नाही, दूध व्यवस्थित पितं. उद्या सकाळी जातो.

ऋजुता_जळगाव
आकडा आला की इथे लिहा. आणि पहिला आकडा चांगला आला तरी पुढच्या आठवड्याची तपासणी चुकवू नका. आम्ही तीच चुकवली होती.